विंड टनेलचा पंखा: ब्रशलेस मोटर, ईएससी आणि ४००० आरपीएमची अट

६ जानेवारी

मेकॅनिकलच्या ज्युनिअर पोरांसाठी प्लायवूडचा छोटा विंड टनेल करायचाय. पुढे स्ट्रॉ चिकटवून केलेली जाळी, मध्ये काचेचा भाग, मागे हवा ओढणारा पंखा. काचेच्या भागात विमानाच्या पंखाच्या आकाराचा थर्माकोलचा तुकडा टांगून त्याची उचल ग्रॅममध्ये मोजणार. पेटी त्यांची, पंखा आमचा.

मॅडमनी अट घातलीय: बॅटरी फुल असो वा संपत आलेली, पंखा ४००० आरपीएमला एक टक्क्याच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे इकडे ४०, तिकडे ४०. उचल हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दहा टक्के घसरला तर उचल जवळपास वीस टक्क्यांनी कमी दिसणार आणि पोरं दोष थर्माकोलला देणार. अट वाजवी आहे.

सामान बहुतेक लॅबच्या कपाटातलंच: ए२२१२ मोटर (१००० केव्ही, म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला साधारण हजार आरपीएम), मोटर चालवणारा ३० अँपिअरचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी, तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी, १० इंची १०४५ प्रॉपेलर, आर्डुइनो उनो. जुन्या टेबल फॅनची जाळी भंगारवाल्याकडून आणली. ती बसल्याशिवाय प्रॉपेलर लावायचा नाही, असं मामांनी (लॅबचे मामा, आमचे नव्हेत) पहिल्याच दिवशी बजावलंय.

९ जानेवारी

आज प्रॉपेलर न लावता फक्त ईएससी आणि मोटर.

ईएससीला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स लागतो. पल्सची रुंदी १००० मायक्रोसेकंद म्हणजे बंद, २००० म्हणजे फुल. बॅटरी जोडल्यावर त्याला आधी 'बंद'वाला पल्स दिसला पाहिजे, तरच तो बीप देऊन तयार होतो. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीत एक खोच आहे. `attach()` केल्यावर ती स्वतःहून १५०० चा पल्स पाठवायला लागते, म्हणजे अर्धा थ्रॉटल. म्हणून `writeMicroseconds(1000)` आधी आणि `attach()` नंतर.

थ्रॉटलची हद्दही शिकवून घेतली: २००० चा पल्स चालू ठेवून बॅटरी जोडायची, दोन बीप आले की लगेच १००० वर आणायचं. हे प्रॉपेलर लावून करण्याचं काम नाही. ईएससीने ती शिकवणी ओळखली नाही तर त्याच्या लेखी तो सरळ फुल थ्रॉटल असतो.

ईएससीच्या तीन तारांतली लाल तार सोडून ठेवलीय, कारण उनो यूएसबीवर चालतोय आणि दोन ठिकाणचे ५ व्होल्ट एकमेकांत घुसवायचे नाहीत. काळी तार मात्र हवीच. ग्राउंड एक नसेल तर पल्स कशाच्या तुलनेत मोजणार?

१३ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, कॉलेज अर्धं रिकामं. लॅब आमच्याच ताब्यात.

प्रॉपेलर बसवला आणि मोटर सुरू होताना थरथरायला लागली. फिरायचं सोडून जागच्या जागी झटके, मध्येच एखादी गिरकी, परत झटके. लोड नसताना हीच मोटर गुमान फिरत होती.

या मोटरमध्ये रोटर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर नसतो. ईएससी एका वेळी तीनपैकी दोन तारांतून करंट सोडतो आणि तिसऱ्या, मोकळ्या तारेवर फिरत्या चुंबकांमुळे उठणारा व्होल्टेज बघतो. तो शून्याला कधी ओलांडतो त्यावरून पुढची पायरी कधी घ्यायची ते ठरतं. मोटर थांबलेली असताना हा व्होल्टेज नसतोच, म्हणून पहिल्या काही पायऱ्या तो आंधळेपणाने टाकतो आणि रोटर मागोमाग येईल असं धरून चालतो. एखादी तार नीट जोडलेली नसेल तर लोड नसताना निभावतं, प्रॉपेलरचं वजन आलं की निभावत नाही.

तीन तारांपैकी कोणती, हे मल्टिमीटरने कळत नाही. वाइंडिंगचा रोधच ओहमच्या एखाद-दोन दशांशाएवढा, तेवढा तर मीटरच्या प्रोबमध्येही असतो. मामांनी बोटांचा उपाय सांगितला. मोटर ईएससीपासून सोडवायची, दोन टोकं एकमेकांना भिडवायची आणि रोटर हाताने फिरवायचा. सर्किट पूर्ण असेल तर रोटर जड लागतो, कारण मोटर जनरेटर होऊन स्वतःलाच ब्रेक लावते. तिन्ही जोड्या सारख्या जड लागल्या पाहिजेत. आमच्या दोन जोड्या हलक्या लागल्या आणि दोन्हींत मधली तार होती. तिच्या बुलेट कनेक्टरची श्रिंक ट्यूब कापली तर आत सोल्डर नुसती वरवर चिकटलेली, तार गोल गोल फिरत होती. नवं सोल्डरिंग केल्यावर पहिल्या झटक्यात सुरू.

पंखा हवा ओढायच्या ऐवजी फेकत होता. कुठल्याही दोन तारा अदलाबदल केल्या, झालं.

२० जानेवारी

पंखा पेटीत, जाळी बसवून. आज फक्त बघायचं होतं की पल्स कायम ठेवला तर वेग किती टिकतो. आरपीएमसाठी मेकॅनिकलचा हातातला टॅकोमीटर मागून आणला. दुपारी परत द्यायचा या बोलीवर.

पल्स १४५० वर ठेवला. बॅटरी लोडखाली १२.३ व्होल्ट असताना ४३१०. बॅटरी उतरत गेली तसा आकडा उतरत गेला आणि १०.८ व्होल्टला ३८५० राहिले. अकरा टक्क्यांची घसरण, आपण काहीही न बदलता. हवेची उचल यात वीस टक्क्यांनी पडली असती.

जोडीदाराचं म्हणणं, ईएससी बिघडलाय. नाव 'स्पीड कंट्रोलर' आणि स्पीड कंट्रोल करत नाही म्हटल्यावर तसं वाटणारच. पण त्यात बिघाड काही नाही. आपल्या पल्सवरून ईएससी एवढंच ठरवतो की बॅटरीचा व्होल्टेज मोटरला किती टक्के वेळ द्यायचा. १४५० म्हणजे साधारण ४५ टक्के. बॅटरी १२.३ ची असेल तर त्यातले ४५ टक्के, १०.८ ची असेल तर त्यातले. गंमत म्हणजे वेग त्याला माहीत असतो. या मोटरला १४ चुंबकं, म्हणजे सात जोड्या आणि जोडीमागे सहा पायऱ्या, एका फेऱ्याला ४२. ४००० आरपीएमला सेकंदाला २८०० वेळा तो पायरी बदलतो. पण हा हिशोब तो योग्य वेळी पायरी टाकण्यापुरताच वापरतो, वेग धरून ठेवायला नाही. आरसी हेलिकॉप्टरच्या महागड्या ईएससीत गव्हर्नर नावाचा मोड असतो, तो हे काम करतो. ड्रोनच्या नव्या ईएससी आपला वेग फ्लाइट कंट्रोलरला कळवतात. आमची यातलं काहीच करत नाही.

तेव्हा वेग आपणच मोजायचा आणि पल्स आपणच बदलायचा.

२७ जानेवारी

सेन्सर: एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर, मधून पाती जातात. पिन २ वर इंटरप्ट.

सर्वात सोपं म्हणजे १०० मिलिसेकंदांत किती पाती गेली ते मोजणं. कागदावर हिशोब केला तर ते जमणारं नाही. ४००० आरपीएमला दोन पात्यांचे सेकंदाला १३३ पल्स, म्हणजे १०० मिलिसेकंदांत तेरा, फार तर चौदा. एका पल्सचा फरक म्हणजे ३०० आरपीएम. आम्हाला ४० च्या आत राहायचंय. एक सेकंद मोजलं तरी फरक ३० चा आणि तोवर पंखा भलतीकडे गेलेला.

म्हणून उलटं केलं, एका फेऱ्याला किती वेळ लागला ते मोजायचं. ४००० ला १५००० मायक्रोसेकंद. `micros()` चार-चारच्या टप्प्यांनी मोजतं, म्हणजे चूक एक-दोन आरपीएमची. दोन पात्यांमधला वेळ न घेता दर दुसऱ्या पल्सला वेळ घेतो, कारण स्वस्तातल्या प्रॉपेलरची पाती अगदी समोरासमोर नसतात आणि आकडा एकाआड एक वर-खाली नाचतो.

```cpp
volatile unsigned long lastUs = 0, revUs = 0;
volatile byte n = 0;

void blade() {
  if (++n == 2) {
    unsigned long now = micros();
    revUs = now - lastUs;
    lastUs = now;
    n = 0;
  }
}
```

३० जानेवारी

मोटर बंद. बॅटरी काढलेली. स्क्रीनवर ३००० आरपीएम.

थोडंथोडकं नाही, छान स्थिर ३०००. पंख्यावर हात ठेवून पाहिला तरी ३०००. हा आकडा इतका गोल होता की संशय लगेच वर गेला, छताकडे. लॅबमध्ये अजून चोकवाल्या जुन्या ट्यूब आहेत. वीज ५० हर्ट्झची, पण उजेड प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एकदा वाढतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. शंभर पल्स, दोन पल्सचा एक फेरा, सेकंदाला ५० फेरे, मिनिटाला ३०००. सेन्सर ट्यूबलाइट मोजत होता. ट्यूब बंद केली, आकडा शून्य.

आमचा फोटोट्रान्झिस्टर पारदर्शक डोक्याचा, त्याला साधा उजेडही दिसतो. वर पुल-अप १०० किलोओहमचा, त्यामुळे जरासा उजेडही पुरतो. पुल-अप १० किलोओहमचा केला आणि फोटोट्रान्झिस्टरला काळ्या श्रिंक ट्यूबची लांब टोपी घातली. आता ट्यूब चालू असो वा बंद, शून्य म्हणजे शून्य.

कुणी असा सेन्सर करत असेल तर मोटर लावायच्या आधी हे बघून घ्या. एका पल्सला एक फेरा धरला असेल तर हाच भुताटकीचा आकडा ६००० येईल.

३ फेब्रुवारी

तीच ट्यूब आज कामाला लावली.

आमचा आकडा बरोबर आहे हे कशावरून? टॅकोमीटर आता मिळत नाही, मेकॅनिकलच्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहेत. पण सेकंदाला १०० वेळा मिचकावणारा दिवा डोक्यावर आहे आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० च्या अगदी आसपास ठेवलेली असते. पंखा बरोबर ३००० ला फिरत असेल तर दोन मिचकावण्यांच्या मध्ये तो अर्धा फेरा पुढे जातो. एक पातं दुसऱ्याच्या जागी येतं आणि पंखा थांबल्यासारखा दिसतो.

पात्यांच्या टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले, दोन्हीकडे सारख्या वजनाचे. मागे काळा कागद धरला. पल्स हळूहळू वाढवला. साधारण १५०० आरपीएमला चार पात्यांचं एक पुसट चित्र स्थिर झालं (तिथे एका मिचकावणीत पाव फेरा होतो, म्हणून दोनाची चार दिसतात). मग सगळं धूसर झालं. स्क्रीनवर २९९० येता येता दोन पाती दिसायला लागली, सावकाश मागे सरकणारी. आणखी जरा वाढवलं आणि ती थांबली.

"थांबलाय की बे पंखा," जोडीदार म्हणाला.

स्क्रीनवर २९९८ ते ३००४. चित्र किती सरकतं यावरून फरकही मोजता येतो: मिनिटाला जेवढे फेरे चित्र मारतं तेवढे आरपीएम जास्त किंवा कमी. दहा सेकंदांत एक फेरा पुढे गेलं तर पंखा ६ आरपीएम जास्त पळतोय.

दोन गोष्टी. एक, लाइट गेली आणि ट्यूब इन्व्हर्टरवर असेल तर ही तपासणी करू नये. इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी ग्रिडला बांधलेली नसते, आपला आकडा बरोबर असूनही चित्र सरकेल. दुसरी जास्त गंभीर: थांबल्यासारखं दिसणारं पातं प्रत्यक्षात सेकंदाला ५० फेरे मारत असतं. जाळी नसती तर जोडीदाराने बोट लावून पाहिलंच असतं, तो तसाच आहे. मामा म्हणाले, कारखान्यांत फिरत्या यंत्रावर ट्यूब लावायच्या तर शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतात, ते याचसाठी.

१० फेब्रुवारी

आज लूप जोडला. दर ५० मिलिसेकंदांनी आरपीएम काढायचा, ४००० मधून वजा करायचा आणि पल्स त्याप्रमाणे सरकवायचा.

```cpp
float err = target - rpm;
I = constrain(I + 0.004 * err, -300, 300);
int us = constrain(1430 + 0.02 * err + I, 1150, 1700);
esc.writeMicroseconds(us);
```

१४३० हा आमचा अंदाज, बॅटरी मध्यावर असताना ४००० ला लागणारा पल्स. त्यामुळे लूपला शून्यापासून चढावं लागत नाही, वरखाली थोडंच सावरावं लागतं. `I` मागची सगळी तूट साठवत जातो, म्हणून बॅटरी उतरली तरी वेग खाली रेंगाळत राहत नाही. नुसत्या `0.02 * err` वर चालवून पाहिलं तर उतरलेल्या बॅटरीला पंखा ३७०० च्या पुढे जाईना. तूट उरली तरच तो जोर लावतो, तूट गेली की जोरही गेला.

०.००४ कुठून आला? ४००० च्या आसपास पल्स एक मायक्रोसेकंद वाढवला की वेग दहाएक आरपीएम वाढतो. म्हणजे १०० आरपीएमची तूट असेल तर हा भाग दर वेळी पल्स ०.४ ने, म्हणजे वेग ४ ने सुधारतो. सेकंद-सव्वा सेकंदात तूट बरीचशी भरून निघते. हाच आकडा ०.०४ केला आणि पंखा 'ऊंऽ-ऊंऽ' करायला लागला. पल्स बदलल्यावर प्रॉपेलरला वेग धरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लूप आणखी आणखी जोर लावत जातो. प्लॉटरवर लाट दिसायच्या आधी कानाला कळतं.

सुरुवात मात्र लूपकडे दिलेली नाही. आधी १२५० चा पल्स कायम, आरपीएम येऊन स्थिरावले की मगच लूप. मोटर आंधळ्या पायऱ्यांवर असताना लूपने घाई केली तर १३ जानेवारीची थरथर परत भेटेल.

१२ फेब्रुवारी

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "सेन्सरची तार निघाली तर?"

लूपला वाटेल वेग शून्य. तूट ४००० ची. तो `I` भरत जाईल आणि पल्स थेट १७०० ला नेऊन ठेवेल. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला वेग माहीत नाही, नेमका त्याच क्षणी पंखा सर्वात जोरात.

```cpp
noInterrupts();
unsigned long seen = lastUs;
interrupts();
if (micros() - seen > 300000UL) tripped = true;
if (tripped) { I = 0; esc.writeMicroseconds(1000); return; }
```

०.३ सेकंदात एकही फेरा पूर्ण झाला नाही तर मोटर बंद, आणि रिसेट दाबेपर्यंत बंदच. आपोआप परत सुरू होऊ दिलं असतं तर सैल तार हलेल तसा पंखा सुरू-बंद होत राहिला असता. `noInterrupts()` हवंच: उनो आठ बिटांचा, चार बाइटचा आकडा वाचता वाचता मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो आणि पंखा उगाच बंद पडतो.

सुरुवातीच्या १२५० च्या टप्प्यात ही तपासणी दोन सेकंद थांबवून ठेवलीय, नाहीतर पंखा सुरूच होणार नाही. प्रॉपेलर काढून, कागदाची हलकी पट्टी लावून, चालत्या मोटरवर सेन्सरची तार उपटली. लगेच बंद. मॅडमनी स्वतः उपटून पाहिली, मग सही.

२४ फेब्रुवारी

पूर्ण बॅटरीवर चाचणी. फुल चार्ज करून ४००० ला लावला आणि दर पाच मिनिटांनी वहीत उतरवत बसलो. सुरुवातीला पल्स १४१९ च्या आसपास, शेवटी १०.८ व्होल्टला १४६७. वेग पूर्ण वेळ ३९८० ते ४०२० मध्ये. उरलेली ही वरखाली बहुतेक सर्वो लायब्ररीच्या पल्समधल्या एक-दोन मायक्रोसेकंदांच्या थरथरीची आहे. ती दहा-वीस आरपीएममध्ये दिसणारच.

करंट साधारण २.३ अँपिअर. पाऊण तास चालला.

याचा एक न मागितलेला फायदा मिळाला. वेग कायम असल्यामुळे पल्सचा आकडाच बॅटरी किती उरलीय ते सांगतो. १४६५ ओलांडला की एलईडी लागेल अशी ओळ टाकली. ज्युनिअर पोरं व्होल्टमीटर लावतील यावर माझा विश्वास नाही.

३ मार्च

सोलापूरचं ऊन सुरू झालं, लॅबमध्ये दुपारी बसवत नाही. ईएससी पेटीच्या बाहेर टेपने चिकटवला होता, तो हाताला चटका देण्याइतका तापला. अर्ध्या थ्रॉटलवर करंट कमी असला तरी मॉस्फेट सतत चालू-बंद होत असतात आणि ईएससी मुळात वाऱ्यात बसवायचा म्हणूनच बनवलेला असतो. तो पेटीच्या आत, पंख्याच्या मागच्या झोतात, भिंतीला चिकटवून हलवला. आता कोमट राहतो.

मेकॅनिकलवाल्यांना वेग बदलायची नॉब हवी होती. खालची हद्द १८०० आरपीएम ठेवली, त्याखाली मोटर कधी कधी पायरी चुकते. वरची हद्द ठरवायला उतरलेल्या बॅटरीवर पल्स १७०० करून पाहिला: ५२००. म्हणजे कुणी ५५०० मागितले तर फुल बॅटरीला मिळतील आणि अर्ध्या तासाने लूप १७०० ला टेकून वेग गुपचूप घसरायला लागेल. पहिल्याच गोष्टीवर परत. बॅटरीत जो व्होल्टेज नाही तो लूप कुठून आणणार? नॉब ५००० ला थांबवली आणि पल्स १७०० ला टेकला की तोच एलईडी भराभर मिचकावेल अशी सोय केली. त्या वेळी घेतलेलं रीडिंग वहीत लिहायचं नाही, एवढं पेटीवर मार्करने लिहून दिलंय.